पिन्नीची कणीक: तीन घाणे आणि एक पांढरी बशी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं लुधियान्याला राहतोय. थंडी सुरू झाली की इथे घरोघरी पिन्नी होते, म्हणजे गव्हाचं पीठ तुपात भाजून त्यात तळलेला डिंक, बदाम, सुंठ आणि बूरा घालून वळलेले लाडू. आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवाची ही चुलत बहीण म्हणा. पण आपल्या लाडवात खारीक-खोबरं मुख्य असतं आणि कणीक घातलीच तर थोडीशी, इथे मात्र सगळी मदार कणकेवर. त्यामुळे कणीक नीट भाजली नाही तर डिंक-बदाम कितीही भारी घाला, काही उपयोग नाही.

गेल्या जानेवारीत माझी धाकटी बहीण नाशिकला बाळंत झाली आणि मी ठरवलं की तिला इथून पिन्नी पाठवायची. त्यासाठी तीन दिवसांत तीन घाणे केले. पहिला कच्चा राहिला, दुसरा कडू झाला, तिसरा जमला. तिन्ही वेळा कणीक त्याच चक्कीची, तूप त्याच डब्यातलं, वजनंही तीच, तरी निकाल तीन वेगळे, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. यातलं जवळजवळ सगळं कणकेच्या शिऱ्यालाही लागू आहे, फक्त कुठल्या रंगावर थांबायचं ते शिऱ्याला आणि पिन्नीला वेगळं आहे, आणि ते का हे मला तिसऱ्या घाण्यानंतरच नीट कळलं.

प्रमाण असं होतं. चक्कीचा आटा 500 ग्रॅम, तूप 350 ग्रॅम, बूरा 350 ग्रॅम, डिंक 75 ग्रॅम, बदाम आणि मगज मिळून 150 ग्रॅम, सुंठ दोन चमचे, वेलची. बूरा म्हणजे साखरेचा पाक करून तो घोटत घोटत परत कोरडा केलेली बारीक साखर, आपल्याकडे तगार म्हणतात तीच जवळजवळ. डिंक तिन्ही वेळा आधी याच तुपात फुलवून काढून घेतला आणि उरलेल्या तुपात कणीक भाजली.

पहिला घाणा. दुपारी बाळाचे फोटो बघत बघत कामाला लागले, उत्साह खूप होता. स्टीलची पातळ बुडाची कढई घेतली कारण तीच सगळ्यात मोठी होती. एवढं तूप एकदम ओतायला हात धजेना म्हणून 200 ग्रॅमच घातलं, बाकीचं नंतर लागेल तसं घालू म्हटलं. गॅस मध्यम. कणीक तुपात पडली आणि दोन मिनिटांत छान पिवळसर तपकिरी दिसायला लागली, पाच मिनिटांत अजून गडद, मी हलवत होते पण गोळे होत होते, ते उलथन्याने दाबून फोडायचे, तोपर्यंत खाली तळाशी एक थर चिकटायचा, तो खरवडून वर आणायचा, असं चाललं होतं. बाराव्या मिनिटाला सगळं मिळून रंग चांगला तपकिरी दिसला, वासही आला, म्हटलं झालं. उरलेलं तूप घातलं, गार केलं, बूरा वगैरे मिसळून वळल्या. दिसायला एकदम सुरेख.

संध्याकाळी एक खाऊन बघितली तर टाळूला चिकटली. चिकटली म्हणजे अक्षरशः जिभेने सोडवावी लागली, आणि मागून कच्च्या पिठाची चव. पोळ्या लाटताना पिठाचा जो वास येतो ना, तोच तोंडात.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात, सगळे त्यांना बीजी म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांना एक नेऊन दिली. त्यांनी चिमूटभर मोडून जिभेवर ठेवली आणि टाळूला दाबली. म्हणाल्या, पुत्त, याचा तर आटा मळला जातोय तोंडात. मग त्यांच्या डब्यातली एक पिन्नी आणून तशीच दाबून बघायला लावली. ती जिभेवर रवाळ सुटत गेली, लगदा झालाच नाही.

या चाचणीमागचं कारण सरळ आहे. कच्च्या कणकेतली प्रथिनं ओली झाली की एकमेकांना धरतात, म्हणूनच तर पोळीची कणीक चिवट मळली जाते. तोंडातली लाळ म्हणजे पाणीच, त्यामुळे कच्ची राहिलेली कणीक तोंडातही मळलीच जाणार आणि टाळूला बसणार. पुरेशी भाजली की ही प्रथिनं बदलतात, त्यांची ती धरून ठेवायची ताकद जाते, आणि तोंडात दाणे सुटे राहतात. म्हणून भाजलं की नाही हे रंगापेक्षा जिभेला जास्त खात्रीने कळतं. चिमूटभर बशीत काढा, गार होऊ द्या (गरम कणीक तुपासकट जीभ चांगलीच भाजते, घाई नको) आणि टाळूला दाबा.

पण मग रंग का फसवून गेला? माझ्या मते पहिल्या घाण्यात तीन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी अशी की तूप लागल्याबरोबर कणीक गडद दिसते. भाजून नव्हे, नुसती भिजून. कोरडी माती आणि पाऊस पडल्यावरची माती यांच्या रंगात जो फरक असतो तोच हा. त्यात गव्हाच्या आट्यात कोंडा असतो, तो मुळातच तपकिरी. मैदा किंवा बेसन भाजताना रंग पांढऱ्या-पिवळ्यावरून सुरू होतो, त्यामुळे पुढे किती गेलो ते लगेच दिसतं, कणीक मात्र निम्म्या रस्त्यावरूनच निघालेली असते. मी ज्याला भाजल्याचा रंग समजत होते त्यातला बराचसा भाग दुसऱ्या मिनिटालाच आला होता आणि त्याचा भाजण्याशी काही संबंधच नव्हता.

दुसरी गोष्ट कमी तूप. कणकेच्या प्रत्येक कणाभोवती तूप असेल तरच उष्णता एकसारखी पोचते. तूप कमी असलं की गोळे होतात, गोळ्याचं बाहेरचं आवरण भाजतं आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं. मी शेवटी घातलेल्या दीडशे ग्रॅम तुपाने मिश्रण सैल झालं खरं, पण ते तूप भाजण्याच्या कामी आलंच नाही. ज्यांना तूप कमी घालायचंय त्यांनी कमी घाला, पण जेवढं घालणार ते सगळं सुरुवातीलाच घाला.

तिसरी आच. पातळ बूड आणि मध्यम गॅस म्हणजे तळाचा थर वरच्या थराच्या कितीतरी पुढे पळतो. मी तो खरवडून वर मिसळत होते, म्हणजे अर्धी कच्ची आणि थोडी जास्त भाजलेली कणीक एकत्र करून त्यांचा सरासरी रंग बघत होते. वास आला तोही त्या थोड्या भागाचाच.

ही पिन्नी परत भाजता येत नाही, कारण साखर आत गेली, ती करपते. बूरा घालायच्या आधी कळलं असतं तर परत कढईत टाकून मंद आचेवर पुढे भाजता आली असती, काही बिघडलं नसतं. शेवटी मी त्या कुस्करून उकळत्या दुधात शिजवल्या, लापशीसारखं झालं, दोन दिवस नाश्त्याला खाल्लं.

दुसरा घाणा दुसऱ्या दिवशी. आता शहाणपण आलेलं होतं. बीजींची जाड लोखंडी कढई आणली, 350 ग्रॅमपैकी डिंकाने प्यायल्यावर राहिलेलं सगळं तूप आधीच घातलं, गॅस सिमवर. आणि खरंच सगळं वेगळं वागलं. गोळे फार झाले नाहीत, तळाशी चिकटलं नाही, पस्तीस मिनिटं हलवत राहिले, हात दुखला पण कणीक हळूहळू एकसारखी बदलत गेली. मला हवा होता अगदी तोच रंग आला, आणि मी गॅस बंद केला. टाळूची चाचणीही करून बघितली, पास. मग कणीक गार व्हायला तशीच कढईत ठेवून मी आतल्या खोलीत पार्सलसाठी डबे आणि कागद शोधायला गेले. तेवढ्यात बहिणीचा फोन, बाळ रडतंय वगैरे, दहा-बारा मिनिटं गेली.

परत आले तर घरभर वास, पण तो खमंग नव्हता, पुढे गेलेला होता. कॉफी जास्त भाजली की येतो तसा. वरून कणीक फक्त एखादी छटा गडद दिसत होती, पण उलथनं घालून तळ वर आणला तर खालचा थर दालचिनीच्या रंगाचा. मिसळून चव बघितली, पहिल्यांदा छानच लागते, गिळल्यावर घशाशी कडू. आणि हा कडूपणा साखरेने झाकला जात नाही, मी थोडी कणीक वाटीत घेऊन बूरा मिसळून बघितला, गोड कडू लागतं, बस. अख्खा घाणा टाकून द्यावा लागला. 350 ग्रॅम तूप. वाईट वाटलं, खूपच.

जाड कढईचा जो गुण भाजताना उपयोगी पडला तोच इथे उलटला. लोखंड उष्णता धरून ठेवतं, गॅस बंद केला म्हणजे भाजणं बंद झालं असं होत नाही. शिवाय तुपाने भिजलेली अर्धा-पाऊण किलो कणीक स्वतःच किती गरम असते. त्यात पाणी जवळजवळ राहिलेलं नसतं, आणि पाणी आहे तोवर पदार्थाचा ताप शंभर डिग्रीच्या आसपास अडतो, पाणी गेलं की अडवायला कोणी नाही, तो वर चढत जातो. भाजण्याच्या शेवटच्या टप्प्यात कणीक शंभरच्या बरीच वर असते, म्हणूनच तर रंग येतो, आणि म्हणूनच शेवटी रंग इतक्या झपाट्याने पुढे सरकतो. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं होतं.

इथेच शिऱ्यात आणि पिन्नीत फरक पडतो, आणि रेसिपी लिहिणारे हे फारसं सांगत नाहीत याची मला खंत वाटते. शिऱ्यात तुम्ही भाजलेल्या कणकेवर उकळतं पाणी किंवा गुळाचं पाणी ओतता. चर्र होतं, वाफेचा लोट येतो, आणि त्या क्षणी कणकेचा ताप धाडकन खाली शंभरावर येतो. भाजणं तिथल्या तिथे थांबतं. म्हणजे शिऱ्यासाठी जो रंग शेवटी हवा, अगदी त्याच रंगापर्यंत भाजायचं आणि पाणी ओतायचं. पिन्नीत पाणी पडतच नाही, तिला थांबवणारं कोणी नाही, ती स्वतःच्या उष्णतेत अजून पाच-दहा मिनिटं भाजत राहते. म्हणून पिन्नीसाठी हव्या त्या रंगाच्या एक छटा आधी गॅस बंद करायचा, कणीक लगेच परातीत काढायची आणि पसरून हलवत राहायची.

तिसरा घाणा बीजी म्हणाल्या माझ्यासमोर कर. त्यांनी स्वतः काही केलं नाही, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होत्या, मधेच अंगणात जायच्या. पण सुरुवातीलाच एक गोष्ट करायला लावली जी मला आधी माहीत असती तर पहिला घाणा वाचला असता. तूप वितळल्यावर कणीक घातली, मिनिटभर हलवून सगळी भिजली, आणि त्या म्हणाल्या यातली चमचाभर काढून पांढऱ्या बशीत ठेव. ती म्हणजे तूप लागलेली पण न भाजलेली कणीक. आता तुलना कोरड्या पिठाशी करायची नाही, या बशीतल्याशी करायची. पुढे दर पाच मिनिटांनी कढईतली एक चिमूट काढून बशीत तिच्या शेजारी ठेवत गेले, शेवटी बशीच्या कडेने रांगेत सात ठिपके झाले. पहिले चार ठिपके बघून तर मला धक्काच बसला, जवळजवळ एकाच रंगाचे! कढईत बघताना मला वाटत होतं की रंग चढतोय. कढई काळी, खिडकी पाठीमागे, वरती पिवळा दिवा, अशात डोळ्यांवर काय विश्वास ठेवणार. पांढऱ्या बशीवर आणि खिडकीच्या उजेडात बघा.

वेळ सांगते, पण हे 500 ग्रॅमला आणि लुधियान्याच्या जानेवारीत, जिथे तूप डब्यात दगड असतं आणि पीठही गार असतं. पहिली सात-आठ मिनिटं कणीक ओल्या वाळूसारखी, उलथनं जड जातं, रंग बशीतल्यासारखाच. दहा मिनिटांच्या पुढे बारीक बुडबुडे दिसायला लागले, वर हलकी वाफ, कान जवळ नेला तर सुं सुं असा बारीक आवाज. कणकेतलं पाणी निघून जात असतं ते. दिसायला कोरडं पीठ असलं तरी त्यात दहा-बारा टक्के ओलावा असतोच. वास या वेळी तव्यावर टाकलेल्या पोळीसारखा, चांगला वाटतो आणि फसवतो. पहिल्या घाण्यात मी बाराव्या मिनिटाला थांबले ती याच वासावर.

अठरा-वीस मिनिटांनी एकदम बदल जाणवला, डोळ्यांना नाही तर हाताला. उलथनं हलकं झालं. तीच कणीक, तेवढंच तूप, पण मिश्रण सैल पडलं, चकाकी आली, उलथन्यावरून गोळा पडायच्या ऐवजी जाड पिठल्यासारखं घसरत खाली यायला लागलं आणि कडेने तूप दिसायला लागलं. आपण तूप सुटलं म्हणतो ते हेच. ओलावा निघून गेला, सगळं चांगलं गरम झालं, तूप पातळ झालं, आता कणीक तुपाला घट्ट धरून ठेवत नाही. बरेच लोक तूप सुटलं की झालं असं समजतात. शिरा फिकट आवडत असेल तर पुढे तीन-चार मिनिटांत थांबता येतं, पण पिन्नीसाठी तूप सुटणं म्हणजे आता खरं भाजणं सुरू झालं. इथून पुढे फोन उचलायचा नाही, दार वाजलं तर दुसऱ्याने उघडायचं.

हलवायचं कसं, तर वेगाने नाही. मी पहिल्या दिवशी जोरजोरात गोल फिरवत होते, त्याने मधला भाग फिरतो आणि कढईचा तळ व कडा तशाच राहतात. सपाट टोकाचं लाकडी उलथनं तळाला टेकवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढायचं, वर आणून उलटायचं, मग कढई थोडी फिरवून परत. एवढंच, सावकाश, पण न थांबता. तळाला कुठे खरखरीत लागलं तर तिथे चिकटायला लागलंय, आच अजून कमी करा किंवा मिनिटभर कढई उचलून धरा. सिमवरही तुमचा बर्नर मोठा असेल तर खाली तवा ठेवला तरी चालतं.

पंचविसाव्या मिनिटाचा ठिपका पहिल्यांदा स्पष्ट वेगळा दिसला. बशीतला मूळ नमुना मातकट, करडटपणाकडे झुकणारा, आणि हा सोनेरी. हा करडटपणा जाणं महत्त्वाचं आहे, नुसतं गडद होणं नाही. मग वासही बदलला, पोळीचा वास जाऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, थोडा बिस्किटासारखा. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला वास नीट येतच नव्हता, अर्धा तास त्याच वाफेत नाक असलं की नाकाला सवय होऊन जाते. बीजी तेव्हा अंगणात सालं टाकायला गेल्या होत्या, त्या दारातून आत आल्या आणि उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, बस पुत्त, हुण लाह लै. उतरव आता. कढईत न बघता! बाहेरच्या थंड हवेतून आलेल्या नाकाला ते लगेच कळलं. तेव्हापासून मी शेवटच्या टप्प्यात कोणाला तरी बाहेरून आत बोलावून विचारते, मुलगा शाळेतून आला तर त्यालाही.

एकतिसावं मिनिट होतं ते. बशीत ठिपका ठेवला, मारी बिस्किटाच्या वरच्या बाजूचा असतो तो रंग. गॅस बंद, कणीक लगेच मोठ्या स्टीलच्या परातीत, आणि हलवत राहिले. दहा मिनिटांनी परातीतला रंग बघितला तर अजून थोडा पुढे गेलेला, साल काढलेल्या खरपूस भाजलेल्या शेंगदाण्याचा. हाच पिन्नीचा रंग. बशीत सगळे ठिपके एका ओळीत होते, त्यामुळे ही शेवटची उडी नीट दिसली, नाहीतर मी म्हटलं असतं काही बदललं नाही.

रंगाचं नाव हाही एक घोटाळा आहे. सगळीकडे बदामी रंगावर भाजा असं लिहिलेलं असतं. कुठला बदाम? बदामाची साल चांगली गडद तपकिरी असते, तिथपर्यंत भाजलं तर कडू होणार. सोललेला बदाम पांढरा, तिथे कच्चं राहणार. बदामी म्हणजे भाजलेला बदाम मधोमध कापला की आत दिसतो तो रंग, असं धरलं तर जमतं, पण असं कोण सांगतं. म्हणून मी आता घरात सगळ्यांना बिस्किट आणि शेंगदाणा सांगते. गुरुद्वाऱ्यातला कडाह प्रसाद इथे जवळजवळ रोज मिळतो, त्यात आटा, तूप आणि साखर समभाग असतात. तूप एवढं असल्यामुळे आटा अगदी एकसारखा भाजला जातो, आणि पाण्याने भाजणं जिथल्या तिथे थांबतं, म्हणून त्याला गडद सोनेरी रंगापर्यंत निर्धास्त नेता येतं. तो रंग डोळ्यांपुढे ठेवून पिन्नी भाजली आणि त्याच रंगावर गॅस बंद केला तर पुढे जाणार, माझ्या दुसऱ्या घाण्याचं तेच झालं.

बूरा घालायची घाई केली नाही. परातीला तळहात लावून ऊब सहन होईल इतपत गार झाल्यावर, म्हणजे साधारण पाऊण तासाने, बूरा, डिंक कुटून, बदाम-मगज, सुंठ, वेलची. गरम असताना घातलं की मिश्रण आधी पातळ होतं आणि नंतर कडक बसतं, वळताना ना धड मऊ ना धड घट्ट. बूरा घालायच्या आधी मात्र मी एक मोठी वाटी, साधारण 150 ग्रॅम, नुसती भाजलेली कणीक काढून ठेवली आणि त्या मानाने बूरा 300 ग्रॅमच घातला. 24 पिन्न्या झाल्या. एक बीजींना, एक आम्ही अर्धी-अर्धी, बाकी 22 नाशिकला.

पाच दिवसांनी पार्सल पोचलं. बहिणीने फोन करून सांगितलं, ताई, तोंडात टाकली की विरघळतेय गं, पण दुपारी जरा मऊ पडतात. बरोबर आहे, लुधियान्याच्या थंडीत ज्या टणक बसल्या त्या नाशिकच्या दुपारी सैल होणारच, तूप तिशीच्या आसपास विरघळायला लागतं. चव बिघडत नाही, फक्त आकार सैलावतो. आपल्याकडे, त्यातून कोकणात वगैरे करणार असाल तर याच कणकेला तूप 300 ग्रॅम पुरे, पण मग भाजताना पाच-सात मिनिटं जास्त धरा आणि गोळे फोडत राहा.

काढून ठेवलेल्या वाटीभर कणकेचा दुसऱ्या दिवशी सकाळी शिरा केला. कणीक तुपासकट घट्ट बसली होती, ती छोट्या कढईत सिमवर पाच मिनिटं परत गरम केली, बुडबुडे आले, वास सुटला, रंग आधीच तयार होता त्यामुळे पुढे भाजायचं काही नव्हतं. शेजारच्या गॅसवर 300 मिली पाण्यात 70 ग्रॅम गूळ विरघळवून, गाळून, उकळत ठेवला होता. तो लांब दांड्याच्या पळीने थोडा थोडा घातला, कारण इतक्या गरम तुपात पाणी एकदम ओतलं की हातावर उडतं. पाणी पडल्याबरोबर रंग गडद झाला, गुळाचा आणि भिजल्याचा, तो भाजल्याचा नव्हे हे आता कळत होतं. दोन-तीन मिनिटं हलवलं, कणीक पाणी पिऊन फुगली, कडेने तूप परत सुटलं, गॅस बंद करून झाकण ठेवलं. गुठळी एकही नाही, प्रत्येक कणाभोवती आधीच तूप होतं ना. बीजींना वाटीत नेऊन दिला तर त्यांनी आधी चमच्याच्या टोकावर घेऊन टाळूला दाबून बघितला.